मदत हवी आहे: करारात 'सर्व हक्क ग्राहकाकडे', पण पार्श्वभूमी माझी नाही

मी उत्पादनांचे फोटो काढून त्यांना वेगळी पार्श्वभूमी जोडून देते. सध्याच्या कामात बाटलीचा फोटो माझा आहे, मागचं आकाश स्टॉक साइटवरून स्टँडर्ड लायसन्सवर घेतलंय आणि डोंगररांग एआयने तयार केली आहे. ग्राहकाच्या करारात मात्र 'संपूर्ण चित्राचा कॉपीराइट आमच्याकडे हस्तांतरित होईल' असं कलम आहे, शिवाय त्यांना लेयर्ससकट पीएसडी फाइल हवी आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे स्टॉकच्या आकाशाचा मला फक्त वापराचा परवाना मिळालाय, त्यामुळे त्याची मालकी मी देऊच शकत नाही. पीएसडीत ते आकाश सुटं जातं, आणि ग्राहकाने ते दुसऱ्या जाहिरातीत वापरलं तर परवाना मोडतो. म्हणून मी तो लेयर बाटलीच्या चित्रात मर्ज करून देणार आहे. तेवढं पुरेसं आहे का, की ग्राहकाने स्वतःच्या नावाने परवाना घेणं बरं?

डोंगरांचं कोडं वेगळं आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसच्या 2025 च्या अहवालानुसार नुसत्या प्रॉम्प्टमधून निघालेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही. माणसाने केलेल्या मांडणीला आणि बदलांना मिळू शकतो. टूलच्या अटी व्यावसायिक वापराला परवानगी देतात, पण त्याने दुसऱ्याला नक्कल करण्यापासून थांबवता येत नाही. ग्राहकाला हे आधीच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अशा वेळी कलम कसं लिहिता? कोणाकडे प्रत्यक्ष वापरलेला मजकूर असेल तर कृपया द्या, सही करायची आहे.