दोरीने लेव्हल घेताना छत मध्यभागी का झुकते?

«दोरी ताणून फॉल्स सीलिंगचे सगळे मेन रनर, म्हणजे ग्रिडच्या लांब मुख्य पट्ट्या, तिला टेकवले, तरी खोलीच्या मध्यभागी ग्रिड खाली आलेली दिसते. चूक कुठे झाली असावी?»

रनर दोरीला टेकवणे हीच चूक असावी. रनर किंचित जरी खाली असला, तरी तो दोरीला दाबतो, आणि दाबलेली दोरी रनर टांगणाऱ्या पुढच्या हँगरलाही खोटी उंची दाखवते. शिवाय पाहणाऱ्याला सर्व काही जुळल्यासारखेच वाटते.

म्हणून दोरी रनरपासून दूर ठेवावी. समजा, खोली 6 मीटर लांब आहे आणि हँगर 1.2 मीटर अंतरावर आहेत. समोरासमोरच्या भिंतींवर लावलेल्या पट्ट्या, म्हणजे दोन्ही वॉल अँगल, यांच्या खाली 20 मिलिमीटर जाडीचा एकेक ठोकळा धरून त्यांच्या खालून बारीक नायलॉनची दोरी घट्ट ताणावी, आणि त्याच जाडीचा तिसरा ठोकळा प्रत्येक हँगरपाशी रनर व दोरी यांच्यामधून सरकवून पाहावा. तो दोरीला जेमतेम स्पर्श करून, तिला न हलवता गेला पाहिजे. दोरी खाली ढकलली गेली तर रनर वर घ्यावा. फट उरली तर खाली सोडावा. अर्थात, वॉल अँगल आधी पाण्याच्या नळीने लेव्हलमध्ये लावलेला हवा, कारण दोरी त्याचीच उंची पुढे नेते. दोरी सैल असेल, तर तिचा स्वतःचा झोळही छतात उतरतो.

सर्व रनर जुळल्यावरच त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉस टी, बसवाव्यात. टाइल्स ठेवल्यावर मात्र मधल्या रनरखाली दोरी पुन्हा एकदा ताणून पाहावी, कारण तारेचे हँगर नीट सरळ केलेले नसतील, तर त्यांचे वाक वजनाने उलगडतात आणि रनर तेवढाच खाली येतो.