पदनाम राहू दे, कालचा दिवस सांगा

शेवटचं_सेमिस्टर

एमबीएचं दुसरं वर्ष संपत आलंय. वर्गात कन्सल्टिंग म्हटलं की माना वर होतात आणि सेल्स म्हटलं की खाली जातात. पण ही माणसं दिवसभर नेमकं काय करतात, ते कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे कोल्हापुरात काम करणाऱ्यांनी किंवा इथून बाहेर गेलेल्यांनी आपला कालचा दिवस लिहावा, ही विनंती. पगार आणि पद नको. फोन कुणाला केले, कशासाठी केले, एवढं चालेल.

शिरोलीकर

फौंड्रीत ऑपरेशन्स, नववं वर्ष. एमबीएनंतर वाटलं होतं, प्लॅनिंग करणार. प्लॅन करतो, पण सकाळी साडेआठपर्यंतच टिकतो.

काल सकाळी गाडी लावायच्या आधीच गिऱ्हाइकाचा फोन. आमच्या एका कास्टिंगला मशीनिंग करताना ब्लोहोल निघाले. ब्लोहोल म्हणजे ओतताना अडकलेल्या गॅसची पोकळी, ती आतच दडलेली असते. वरून माल चकचकीत दिसतो, मशीनिंग झालं की भोक उघडं पडतं. म्हणजे काल सापडलेला दोष आमच्याकडे पाच दिवसांपूर्वी झालेला. कास्टिंगवरचा हीट नंबर, म्हणजे कुठल्या ओतकामाचा माल ते सांगणारा आकडा, घेतला आणि त्या दिवसाचं रजिस्टर काढलं. सँडचा ओलावा नेहमी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतो, तो दुपारनंतर चार टक्क्यांच्या वर गेलेला. त्या दिवशी पाऊस होता आणि नवी वाळू उघड्यावर उतरवली होती. पण त्याच दुपारी कोअरची, म्हणजे पोकळ भागासाठी साच्यात बसवायच्या वाळूच्या ठोकळ्यांची, एक खेपही पुरती न भाजता लावली होती. आता गॅस वाळूतून आला की कोअरमधून? मोल्डिंगवाला म्हणतो कोअर, कोअरवाला म्हणतो वाळू. दोघंही माझ्यापेक्षा वयानं मोठे. दोघांना अहोजाहो करत भोक कुठल्या बाजूला आहे ते एकेक तुकडा कापून बघितलं. बहुतेक भोकं कोअरच्या अंगाला होती. त्या हीटचा उरलेला माल बाजूला काढला, गिऱ्हाइकाची लाईन बंद पडू नये म्हणून रात्रपाळीत नवीन ओतकाम लावलं, आणि त्यासाठी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पॅटर्न उतरवला. त्याचा फोन आज येईल.

एक्सेल उघडलं रात्री आठला.

मुलीचे_बाबा

कन्सल्टंट म्हणजे नोकऱ्या लावून देतात तेच ना? आमच्या मेव्हण्याचं शाहूपुरीत तसलं ऑफिस आहे. दिवसभर बायोडेटे बघतो, दुपारी घरी जेवायला येतो. चांगलं आहे की. एमबीए कशाला लागतंय?

पुणे_कोल्हापूर_शिवशाही

काका, ते वेगळं. मी मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, तिसरं वर्ष. कालचा दिवस सांगते. सकाळी दहा ते दुपारी चार एकच काम केलं. एका कारखान्यात तोच पार्ट स्टोअरमध्ये एका नावानं, टॅलीत दुसऱ्या आणि डिस्पॅचच्या वहीत तिसऱ्या नावानं होता. असे एकशे चाळीस पार्ट मी एका रांगेत लावले. जुळेना की तिथल्या स्टोअरकीपरला फोन. ते म्हणाले, 'ताई, तुम्ही काल पण हेच विचारलं.' संध्याकाळी त्यातून दोन आलेख निघाले. रात्री अकराला साहेबांनी त्यातला एक काढून टाकला.

लोकांना वाटतं आम्ही मालकांना सल्ला देतो. पहिली तीन वर्षं आम्ही मालकांच्या माणसांकडून आकडे मागतो. ते देत नाहीत, कारण त्यांना वाटतं आम्ही त्यांचीच नोकरी घालवायला आलोय.

शिरोलीकर

आमच्याकडेही आली होती अशी मंडळी. आम्हीच चहा पिताना सांगितलेलं चार महिन्यांनी रंगीत करून आम्हालाच दाखवलं.

पुणे_कोल्हापूर_शिवशाही

दादा, अर्धं खरं आहे. पण त्या एकशे चाळीस पार्टांतल्या सहांतच निम्म्याच्या वर रिजेक्शन होतं. ते तिथं प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं आणि एका कागदावर कुणाकडेच नव्हतं. मला खुपतं ते वेगळंच. त्या सहांचं पुढं काय होईल ते मला कळणारच नाही. तोवर मी पुढच्या कामावर गेलेली असेन.

गांधीनगर_फाटा

सेल्स. रोजच्या वापराच्या वस्तू, कोल्हापूर आणि सांगलीचे डिस्ट्रिब्युटर माझ्याकडे. सेल्सला गोड बोलता आलं की झालं, असं वर्गात शिकवतात का माहीत नाही. माझ्या दिवसात बोलणं कमी, हिशेब जास्त.

काल सव्वीस तारीख. टार्गेट चाळीस लाख, माझं झालंय अठ्ठावीस. हे आकडे डिस्ट्रिब्युटरला घातलेल्या मालाचे. दुकानातून किती उठला ते वेगळं. सकाळी सेल्समनबरोबर बीटवर गेलो, अडतीस दुकानं, एकोणीस बिलं. दुपारी गोडाऊनमध्ये शेठजींसमोर बसलो. पंधरा दिवसांचा माल हवा, त्यांच्याकडे पंचवीस दिवसांचा पडलेला. वरून साहेबांचा फोन, 'आठ लाखांचं बिल मार.' मारता येतं. शेठजी माझ्या शब्दावर घेतीलही. मग पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत त्यांची ऑर्डर शून्य, आणि त्यांनी स्कीममध्ये पदरचे दिलेले पैसे, म्हणजे मागचे क्लेम, कंपनीकडून आले नाहीत तर माझा फोन उचलणं बंद. मी तीन लाखांवर थांबलो. शिव्या खाल्ल्या. बरोबर केलं की नाही ते इन्क्रिमेंटला कळेल.

नव्या पोरांना एकच सांगतो: मुलाखतीत 'क्लेम किती दिवसांत निघतात' हे विचारा. समोरचा चाचरला तर तुमचे महिने कसे जाणार ते समजलं.

गणिताचा_राम

म्हणून फायनान्स बरं. आकडे, एसी, सहाला घरी. कुणाच्या पाया पडायला नको.

उद्यमनगर_लेखा

रामराव, एसी आहे. बाकीचं ऐका.

मी एका मध्यम कारखान्यात फायनान्स बघते. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा दीड कोटी. पण दीड कोटी वापरता येत नाहीत. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरून प्रत्यक्ष किती उचलता येईल ती ड्रॉइंग पॉवर निघते. माल ऐंशी लाखांचा, त्यातला तीस लाखांचा अजून पैसे न दिलेला, राहिले पन्नास. बँक आमच्याकडे पंचवीस टक्के मार्जिन कापते, म्हणजे साडेसदतीस. येणं एक कोटी वीस लाख, त्यावर तेवढंच मार्जिन, म्हणजे नव्वद. एकूण एक कोटी साडेसत्तावीस लाख. आम्ही एक कोटी वीस वापरलेले. ठीक चाललेलं.

काल सकाळी यादी लावताना दिसलं की एका गिऱ्हाइकाचं वीस लाखांचं बिल नव्वद दिवसांपुढं गेलंय. बँक ते धरत नाही. येण्यावरच्या नव्वद लाखांचे झाले पंचाहत्तर, आणि आम्ही एका सकाळीत साडेसात लाखांनी वर. सात तारखेला पगार.

मग दिवसभर काय केलं? त्या गिऱ्हाइकाच्या अकाउंटला आठ फोन. तो म्हणतो, मालात ब्लोहोल होते, खराब मालाच्या वजावटीची आमची डेबिट नोट लागायचीय, तोवर बिल पुढं सरकत नाही. म्हणजे पुन्हा शिरोलीकरांसारखंच ब्लोहोलवर आलं. आमच्या ऑपरेशन्सवाल्याला विचारलं तर तो शॉपवर, फोन उचलत नाही. मालक म्हणाले, 'ताई, ते बिल यादीत नव्वद दिवसांच्या आतल्या रकान्यात राहू दे, महिनाभर कोण बघतंय.' मी नाही म्हटलं. स्टॉक ऑडिटला आलेला माणूस बिलाची तारीखच आधी बघतो. घरी गेले पावणेनऊला.

गणिताचा_राम

बरं. पण वर्षातले सगळेच दिवस असे नसतील?

उद्यमनगर_लेखा

नसतात. अकरा ते वीस तारखेत जीएसटी असतो, तेव्हा याहून कंटाळवाणं असतं. बावीस-तेवीसला सहाला निघते, रंकाळ्यावर चालते.

शेवटचं_सेमिस्टर

चौघांच्याही दिवसात फोन सारखेच दिसतायत, फक्त पलीकडचा माणूस बदलतोय. मला अनोळखी माणसाला दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला लाज वाटते. यातलं कुठलं काम कमी लाजवेल?

गांधीनगर_फाटा

ते इथं लिहून कळणार नाही. शनिवारी पावणेनऊला फाट्यावर ये. टोपी आण, बुटाऐवजी चप्पल चालेल. पहिली दहा दुकानं तू बोलायची, मी मागं थांबतो.

शिरोलीकर

आणि उद्यमनगरच्या ताई, ते गिऱ्हाईक हुपरी रोडचं आहे का? असेल तर डेबिट नोट आमच्याकडेही अडकलीय.