मदत हवी आहे: शिपिंग बिलाची चेकलिस्ट मंजूर करण्याआधी नेमकं काय बघायचं? (हळद पावडर, कुपवाड ते जेबेल अली)

हळद_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं हळद दळण्याचं युनिट आहे. आजवर अख्खी हळकुंडं पाठवायचो, यंदा पहिल्यांदा पावडरचा कंटेनर चाललाय. न्हावा शेवाच्या सीएचएने शिपिंग बिलाची चेकलिस्ट व्हॉट्सॲपवर टाकली आहे. म्हणतोय, "ओके लिहून पाठवा, दुपारी फाईल करतो." वडील म्हणतात एकूण रक्कम इनव्हॉइसशी जुळतेय, पाठवून दे ओके. मला मात्र खात्री वाटत नाही. कामाच्या ओळी खाली देतोय.

```
Inv Term : CIF    Curr : USD    Inv Value : 30400.00
Freight  : 0.00   Insurance : 0.00
RITC     : 09103020    Desc : TURMERIC POWDER
Qty      : 16.000 KGS  Rate : 1900.00 per KGS
Net Wt   : 16000.000 KGS   Gross Wt : 16128.000 KGS
Pkgs     : 640 BAG
```

इनव्हॉइसवर १६ मेट्रिक टन, टनाला १,९०० डॉलर, सीआयएफ जेबेल अली असं आहे. पोती २५ किलोची. माल एलयूटीवर चाललाय. सीएचए म्हणतो की आयसगेटवर सिस्टीम तपासते, चूक असेल तर बिल परत येतं. मग आपण वेगळं काय तपासायचं?

फलटण_डाळिंब

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट आधी बघून घ्या. आमचा डाळिंबाचा एक लॉट त्याच्यावरच अडकला होता. कीड नाही हे लिहून मिळाल्याशिवाय पुढं काही हलत नाही. आणि कंटेनरचं तापमान लॉगरमध्ये नोंदवून ठेवा, पोचल्यावर भांडण होतं.

हळद_कुपवाड

दादा, ते कागद झालेत, आणि आमचा कंटेनर साधा आहे, रीफर नाही. प्रश्न फक्त चेकलिस्टमधल्या आकड्यांचा आहे.

तासगाव_बेदाणा

एवढं टेन्शन घेऊ नका. आम्ही बेदाणा पाठवतो, दर वेळी काहीतरी चुकतंच. नंतर कलम १४९ खाली दुरुस्ती करून मिळते. जहाज चुकवण्यापेक्षा ओके म्हणा. फ्रेटचं म्हणाल तर फॉरवर्डरच्या बिलाची पूर्ण रक्कम टाकायला सांगा, झालं.

जुना_क्लार्क

ओके अजिबात पाठवू नका. या सहा ओळींत मला तीन चुका दिसतात आणि तिन्ही सिस्टीममधून सरळ पार होतील. मी बरीच वर्षं सीएचएच्या ऑफिसात चेकलिस्टच तपासत होतो, आता वाईला असतो.

आधी सीएचएच्या बोलण्याबद्दल. सिस्टीम बघते ती साच्यातली चूक. कोड आठ आकडी आहे का, टॅरिफमध्ये आहे का, युनिट ठरलेल्या यादीतलं आहे का, एवढंच. तुमची पॅकिंग लिस्ट एक्सेलमध्ये असेल तर एकदा कोडचा रकाना बघा. तिथं बहुधा 9103030 असा सात आकडी उरला असेल, कारण सेल नंबर समजून एक्सेल पुढचं शून्य खातं. असला कोड सिस्टीम परत पाठवते. एका नवख्या पोराने आठ आकडे भरावेत म्हणून शेवटी शून्य जोडलेलं मी पाहिलंय. त्याने हळद घड्याळांच्या प्रकरणात गेली, ९१ वं प्रकरण घड्याळांचं आहे. तसला कोडच टॅरिफमध्ये नसल्याने तोही अडकला. म्हणजे साचा मोडला की यंत्राला कळतं. साचा बरोबर आणि माल चुकीचा, हे यंत्राला कळत नाही.

तुमचा कोड नेमका तसाच आहे. 09103020 म्हणजे वाळलेली हळद, 09103030 म्हणजे पावडर. दोन्ही टॅरिफमध्ये आहेत, त्यामुळे सिस्टीम काहीच बोलणार नाही. तुमची हळकुंडं आधी ज्या कोडवर गेली त्याच जॉबची कॉपी मारलेली दिसतेय. वर्णन बदललं आणि कोड जुनाच राहिला. खरेदीदार सेपाखाली ड्युटीची सवलत घेणार असेल तर मूळ देशाच्या दाखल्यावर आणि बिलावर वेगवेगळे कोड दिसतील, आणि ते निस्तरणं त्याच्या गळ्यात पडेल.

आता प्रमाण. रक्कम जुळते म्हणून वडिलांना बरोबर वाटलं आणि ते साहजिक आहे, कारण १६ गुणिले १,९०० म्हणजे ३०,४००च येतात. पण बिल सांगतंय की १६ किलो हळद किलोला १,९०० डॉलरने विकली. आकडा इनव्हॉइसवरचा जसाच्या तसा उचलला आणि युनिट टॅरिफचं टाकलं, कारण हळदीचं टॅरिफमधलं युनिट किलो आहे. गुणाकार करून ही चूक कधीच सापडत नाही. ती भागाकाराने सापडते. बिलाची रक्कम नेट वजनाने भागा, ३०,४०० भागिले १६,००० म्हणजे किलोला १.९० डॉलर. हा भाव चेकलिस्टवरच्या रेटशी जुळला पाहिजे. इथं हजारपट फरक आहे. हळदीला असा भाव पाहून अधिकाऱ्याला शंका आली आणि त्याने कंटेनर उघडायला लावला तर त्याला दोष देता येणार नाही.

पोत्यांचं मात्र बरोबर आहे. ६४० गुणिले २५ म्हणजे १६,००० नेट, आणि वरचे १२८ किलो म्हणजे पोत्यामागे २०० ग्रॅम, रिकाम्या पोत्याला शोभेल असं वजन.

तिसरी चूक मूल्याची. टर्म सीआयएफ आहे आणि फ्रेट, इन्शुरन्स दोन्ही शून्य. मग सिस्टीम ३०,४०० हीच एफओबी धरणार. फॉरवर्डरचं कोटेशन टाका, मग हिशेब करून देतो.

हळद_कुपवाड

काका, मनापासून आभार. एक्सेलमध्ये खरंच 9103030 आहे, आत्ताच बघितलं. कोटेशनमध्ये ओशन फ्रेट ४८० डॉलर आहे. त्याखाली टीएचसी, बीएल फी आणि सीलचे पैसे रुपयांत वेगळे दाखवलेत. इन्शुरन्सचा प्रीमियम ४० डॉलर. तासगावकर म्हणतात तसं सगळं मिळून वजा करायचं का?

जुना_क्लार्क

नाही. इकडच्या बंदरावरची टीएचसी, बीएल फी, सील हा माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च, तो एफओबीच्या आतच असतो. वजा करायचं ते फक्त समुद्रभाडं आणि विमा. ३०,४०० मधून ४८० आणि ४० गेले की २९,८८० डॉलर. बिलात दर कस्टम्सने जाहीर केलेला निर्यातीचा लागतो, बँकेचा नाही. तो समजा ८५ रुपये धरला तर एफओबी २५,३९,८०० रुपये होते. आता चेकलिस्टवर २५,८४,००० येत असणार. फरक ४४,२०० रुपयांचा. रक्कम मोठी नाही, पण रोडटेप एफओबीवर मोजतात, म्हणजे फुगलेल्या रकमेवर सवलत मागितल्यासारखं होईल. आणि रोडटेपमध्ये काही मालांना युनिटमागे कमाल रक्कम ठरलेली असते. तुमच्या ओळीला तशी मर्यादा असेल तर १६ किलोवर ती केवढी निघेल हे तुम्हीच बघा.

तासगावकरांचं अर्धं बरोबर आहे. कलम १४९ आहेच. पण बिल फाईल होण्याआधी दुरुस्ती फुकटात आणि सीएचएच्या एका क्लिकवर होते. फाईल झाल्यावर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर होऊन माल गेला की निर्यातीच्या वेळी हातात असलेला कागद दाखवावा लागतो. तुमची पॅकिंग लिस्ट आहे म्हणून प्रमाण सुधारेलही. पण त्यासाठी अर्ज, फी आणि फेऱ्या आल्याच.

तासगाव_बेदाणा

मान्य काका. आम्ही एफओबीवरच विकतो, त्यामुळं फ्रेट वजा करायची वेळ आमच्यावर आलीच नाही.

कराडची_माधवी

यात एक भर घालते. इनव्हॉइस नंबर अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आम्ही आयजीएसटी भरून माल पाठवतो. शिपिंग बिलात `EXP/24-25/07` आणि जीएसटीआर-१ मध्ये `EXP/24-25/007`. माणसाला एकच वाटतं, सिस्टीमला नाही. रिफंड SB005 एररवर अडकला आणि मग सीए, सीएचए, कस्टम्स अशा त्रिकोणात फिरत बसलो. तुम्ही एलयूटीवर आहात म्हणजे रिफंडचा रस्ता वेगळा, पण आयटीसी परत मागताना तिथंही बिलाचे नंबर आणि रकमा ताडून बघतातच.

जुना_क्लार्क

माधवीताई म्हणतात ते खरं आहे. तेही एक्सेलचंच पाप असतं पुष्कळदा. कोडपुरतं बोलायचं तर, पुढच्या खेपेपासून रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. जुन्या फाईलींसाठी शेजारच्या सेलमध्ये हे टाका, गेलेलं शून्य परत येईल. दुसऱ्या ओळीत रक्कम भागिले नेट वजन आहे.

```
=TEXT(A2,"00000000")
=F2/G2
```

पहिलं सूत्र फक्त शून्य भरतं, कोड बरोबर आहे का ते सांगत नाही. 9103020 दिलं तर मुकाट्यानं 09103020 देईल.

हळद_कुपवाड

सीएचएला फोन केला. आधी जरा कुरकुरला, मग जुना जॉब कॉपी केल्याचं त्यानेच सांगितलं. सुधारलेली चेकलिस्ट आली आहे. 09103030, Qty 16000.000 KGS, रेट १.९०, फ्रेट ४८०, इन्शुरन्स ४०, एफओबी २९,८८०. भागाकार जुळतोय, इनव्हॉइस नंबरही अक्षरशः तपासला. आता ओके पाठवतो.

एक शंका राहिली. इनव्हॉइसवर १६ टन आणि बिलात १६,००० किलो, हे चालेल का? खरेदीदाराची ऑर्डर टनातच आहे, त्याला बदल नकोय.

जुना_क्लार्क

चालतं. वजन तेच आहे, आणि पॅकिंग लिस्टवर किलो आहेतच.

कराडची_माधवी

काका, मी असहमत. आमच्या वेळी डॉकवर याच गोष्टीवर विचारणा झाली होती. रेट एका कागदावर टनाचा, दुसऱ्यावर किलोचा, समजावत बसावं लागलं. मी तेव्हापासून इनव्हॉइसवर दोन्ही लिहिते, टन आणि त्याखाली किलो.

जुना_क्लार्क

लिहिलेलं वाईट नाही. पण त्यासाठी आज नवा इनव्हॉइस काढला तर नंबर, तारीख सगळं पुन्हा जुळवावं लागेल. या खेपेला मी तो घोळ घातला नसता.

फलटण_डाळिंब

मग डाळिंबाला पेट्या मोजायच्या की किलो? आमचा भाव पेटीवर ठरतो.

जुना_क्लार्क

बिलात किलो. पेट्यांचा आकडा पॅकेजच्या रकान्यात. पेटीचं नेट वजन किती धरता, साडेतीन किलो की चार? त्यावरच तुमचा किलोचा रेट फिरतो, तेवढं सांगा.