मदत हवी आहे: राखेचे बिनसिमेंटी पेव्हर आठ दिवस झाले तरी कच्चेच

पेव्हर_भद्रावती: जिओपॉलिमरचे 300 ब्लॉक पाडले. सिमेंट अजिबात नाही. राख, कॉस्टिक आणि सिलिकेट. आठ दिवस झाले, नख मारलं की ओरखडा पडते. वरून पांढरी भुकटी येऊन राहिली. रोज दोन टाइम पाणी मारतो, तरी हेच. पांदण रस्त्याची ऑर्डर आहे, सोमवारी माल द्यायचा. काय चुकलं ते लवकर सांगा.

विटभट्टी_बंद: पाणी कमी पडून राहिलं भाऊ. आमच्या राख-चुन्याच्या विटांना 21 दिवस पाणी मारतो, दगडावानी होतात. पोती टाका वरून अन् भिजत ठेवा.

कोळसापट्टा: थांबा, पाणी लगेच बंद करा. तुमच्या विटांत चुना आहे जी, चुन्याला आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, ते पाणी दगडातच बांधलं जातं. इथं तसं नाही. इथं राख विरघळवतो तो कॉस्टिक, पाणी फक्त त्याला फिरवायला असतं आणि शेवटी बाहेर पडतं. तुम्ही वरून पाणी मारता तेव्हा अर्धवट झालेल्या ब्लॉकमधला कॉस्टिक धुऊन काढता. बाहेर आला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा सोडा होतो, तीच भुकटी. चिमूटभर पाण्यात टाकून पाहा. विरघळली तर सोडा, नाही विरघळली तर चुना.
आता सांगा: राख कुठली? स्लॅग घातला का? द्रव किती, आणि मिक्सरमध्ये साधं पाणी किती टाकलं?

पेव्हर_भद्रावती: भुकटी विरघळली. राख फ्लाय ॲशच आहे, औष्णिक केंद्राची. स्लॅग नाही. 100 किलो राखेला 40 किलो द्रव: सिलिकेट 28.5 आणि 10 मोलरचं कॉस्टिक 11.5. माल घट्ट वाटला म्हणून 10 लिटर पाणी टाकलं. एवढ्याशा पाण्यानं काय होते?

कोळसापट्टा: बरंच काही. तुमच्या 40 किलो द्रवात 23-24 किलो पाणी आधीच आहे, कारण सिलिकेट निम्म्याहून जास्त पाणीच असतो. एकूण घन भाग साधारण 116 किलो, म्हणजे पाण्याचं प्रमाण 0.20 होतं. दहा लिटरनं ते 0.29 झालं. जिओपॉलिमर सिमेंटच्या मालापेक्षा चिकट आणि जड दिसतो, पण व्हायब्रेटिंग टेबल चालवलं की बसतो. घट्ट दिसला म्हणून पाणी टाकायचं नसतं.

आरसीसी_अमरावती: मला वाटते पाण्यापेक्षा थंडी मोठं कारण आहे. राखेत चुना कमी असला की ब्लॉक 60 अंशाला दिवसभर तापवावे लागतात. सध्या आपल्याकडे रात्री 12 अंश. सरळ 10 टक्के सिमेंट टाका, सुटाल.

कोळसापट्टा: थंडीचं बरोबर आहे. सिमेंटचं अर्धं बरोबर. एवढ्या कॉस्टिकमध्ये सिमेंट भसकन पकडतं, मिक्सरमध्येच गोळा व्हायचा. त्यापेक्षा राख 70, स्लॅग 30 करा. स्लॅगमधला कॅल्शियम भट्टीशिवाय घट्ट करतो. पण मे महिन्यात हेच प्रमाण तुम्हाला भरायलासुद्धा वेळ देणार नाही, तेव्हा स्लॅग कमी करावा लागेल.

शेती_आणि_बाकी: पेव्हर सोडा, ती राख कपाशीच्या वावरात टाकली तर चालते का? आमच्याकडे उडून येतेच, तर कामी तरी यावी.

आरसीसी_अमरावती: याचाच घराचा स्लॅब पाडता येते का? कोणी केला आहे?

कोळसापट्टा: स्लॅबचा नवीन धागा काढा. आधी राखेचं. हॉपरची कोरडी, की तळ्यातली?

पेव्हर_भद्रावती: तळ्यातली. फुकट होती, ट्रॅक्टरनं आणली. काय फरक, राख ती राखच.

कोळसापट्टा: हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं जी! तळ्यात बारीक राखेबरोबर बॉयलरच्या तळाची खरबडीत राखही जाते, ती नीट विरघळत नाही. चिमटीत धरा: हॉपरची राख टाल्कमसारखी लागते, ही कचकच करेल. शिवाय ओली. एक किलो तव्यावर भाजून परत वजन करा. 100 ग्रॅम घटलं तर 100 किलोमागे अजून 10 किलो पाणी तुम्ही नकळत टाकलं. मग प्रमाण कुठे गेलं बघा.
पाणी न मारलेले ब्लॉक असतील तर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवा. भिजलेल्यांची मला आशा नाही.

विटभट्टी_बंद: आमच्या विटांना असं काही लागत नाही.

पेव्हर_भद्रावती: (चार दिवसांनी) तव्यावर 130 ग्रॅम घटलं. पाणी न मारलेले 6 ब्लॉक गुंडाळले होते. चार वाजवले तर टणटण करतात, दोन अजून बद्द. दाब चाचणीला पाठवतो. सोमवारची ऑर्डर सिमेंटच्याच ब्लॉकनं भागवली. बाकीच्या 294 चं काय करू? अन् थोडा स्लॅग, म्हणजे चार-पाच पोती, चंद्रपुराकडे कोणी देते का?