‘मोत तामूत’ आणि आपला ‘च’

> बायबलमध्ये उत्पत्ती २:१७ ला देव आदामाला बजावतो, त्या झाडाचं फळ खाल्लंस तर ‘मोत तामूत’. या हिब्रू शब्दांचं शब्दशः ‘मरून मरशील’ होतं. मराठीत कसं आणायचं?

‘मरशीलच’ म्हणा. दोन्ही एकाच क्रियापदाची रूपं आहेत; ‘मोत’ला स्वतःचा काळ-पुरुष नाही, तो ‘तामूत’वर फक्त जोर देतो. ‘मरून’ घातलं की आधी एक क्रिया, मग दुसरी, असा क्रम उभा राहतो.

पण दरवेळी ‘च’ चालत नाही. आधीच्याच वचनात (उत्पत्ती २:१६) याच घडणीचं ‘आखोल तोखेल’ आहे. तिथे ‘खाशीलच’ म्हटलं तर सक्ती वाटते. देव तर मुभा देतोय, म्हणून ‘खुशाल खा’.

३:४ मध्ये साप म्हणतो, ‘लो मोत तेमुतून’. ‘लो’ म्हणजे नकार, तो सहसा अशा दोन रूपांच्या मध्ये येतो. इथे तो सुरुवातीलाच आहे, जणू देवाचे शब्द उचलून खोडतोय. मी तिथे ‘मरणार-बिरणार नाही तुम्ही’ असं करेन.