मदत हवी आहे: फिल्ड सेल्सचा इन्सेंटिव्ह प्रोजेक्शनमध्ये किती धरायचा?

रबाळेकर:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं फ्लोअर क्लीनर, हँडवॉश वगैरे बनवायचं छोटं युनिट आहे. गिऱ्हाईक म्हणजे सोसायट्या आणि हॉटेलं. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सहा मुलं फिरतात. आजवर बिलावर सरसकट २% कमिशन होतं. एप्रिलपासून प्रत्येकाला महिना ५ लाखांचं टार्गेट देतोय. तिथपर्यंत २%, त्यावरच्या विक्रीला ५%. सीसी लिमिट वाढवायला बँकेला प्रोजेक्शन द्यायचंय, त्यात मी ३० लाख विक्रीवर २%, म्हणजे महिना ६०,००० धरले. आमचे सीए म्हणाले, "कमी वाटतंय." पुढे फोन उचलत नाहीत. काय चुकलं?

वाशी_सेक्टर१७:
काही चुकलं नाही. टीमची सरासरी १००% धरलीत तर ६०,०००च होतात. फार तर वर कॅप लावा, एकाला १५,०००च्या वर नाही. विषय संपला.

माजी एरिया मॅनेजर:
संपला नाही. सरासरी १००% असली तरी सहाही जण १००% वर नसतात. समजा दोघांनी ७-७ लाख केले, दोघांनी ५-५ आणि दोघांनी ३-३. एकूण ३० लाखच. आता कमिशन बघा. सात लाखवाल्याला पहिल्या ५ लाखांचे १०,००० आणि वरच्या २ लाखांचे १०,०००, म्हणजे २०,०००. असे दोघे, ४०,०००. पाचवाले दोघे मिळून २०,०००. तीनवाले दोघे मिळून १२,०००. बेरीज ७२,०००. विक्री तीच, खर्च २०% जास्त. वर्षाला १ लाख ४४ हजारांचा फरक. मागे पडलेल्याचं कमिशन २ टक्क्यांनी घटतं आणि पुढे गेलेल्याचं ५ टक्क्यांनी वाढतं, म्हणून हे होतं.

एक्सेलमध्ये प्रत्येक माणसाला दर महिन्याची वेगळी ओळ द्या. B मध्ये विक्री, C मध्ये टार्गेट. मग बेरीज घ्या:

```
=MIN(B2,C2)*2%+MAX(B2-C2,0)*5%
```

B मध्ये मनातले आकडे टाकू नका. मागच्या बारा महिन्यांची प्रत्येकाची खरी विक्री टाका, तीही जीएसटीशिवाय. आमच्याकडे एका क्लार्कने वर्षभर जीएसटीसकट बिलावर कमिशन काढलं होतं. १८% जास्त गेलं आणि परत मागायची कोणाची छाती झाली नाही.

कॅपचं म्हणाल तर खर्च आटोक्यात राहतो हे खरं. पण पोरगा २२ तारखेलाच कॅपला पोचला की पुढच्या ऑर्डरी खिशात ठेवतो आणि एक तारखेला देतो. महिनाअखेर सुनी आणि पहिल्या आठवड्यात बिलांचा ढीग दिसला, की ओळखायचं.

कळवा_लोकल:
माझाही इन्सेंटिव्ह कंपनीने चार महिने अडवलाय. राजीनामा दिला तर मिळत नाही म्हणतात. तक्रार कुठे करू?

रबाळेकर:
दादा, इथे मीच देणारा आहे. पण तुमचा वेगळा धागा काढा, लोक सांगतील.
साहेब, ७२,००० पटलं. आमची वसुली ६० दिवसांनी येते. कमिशन तेव्हाच दिलं तर प्रोजेक्शनमध्ये दोन महिने पुढे धरू का?

माजी एरिया मॅनेजर:
वसुलीवर द्या, उत्तमच. नाहीतर ३१ तारखेला माल सोसायटीच्या गोदामात लोटून पोरं मोकळी होतात आणि पाच तारखेला परत येतो. पण नफातोट्यात खर्च विक्रीच्याच महिन्यात दाखवा, रोकडीच्या तक्त्यात तेवढा दोन महिने पुढे. म्हणजे मार्चअखेर फेब्रुवारी-मार्चचं न दिलेलं कमिशन, सुमारे दीड लाख, देणं म्हणून ताळेबंदात दिसायला हवं. बँकेचा माणूस नेमका तिथे बोट ठेवतो.

कोपरीची सई:
मी हिशेब सांभाळते, म्हणून विचारते. सूट कोण देतं? पोरांच्या हातात असेल तर खरं भोक तिथे आहे. १ लाखाच्या मालात तुमचे २०,००० सुटतात असं धरू. त्याने ५% सूट दिली की तुमचे १५,००० उरतात, पण २ टक्क्यांनी त्याचं कमिशन २,०००चं १,९०० होतं. तुमचे ५,००० गेले आणि त्याचे १००. तो सूट का देणार नाही? त्याऐवजी मार्जिनच्या १०% ठेवलं तर त्याचे २,०००चे १,५०० होतील. मग तो गिऱ्हाइकाशी भांडेल.

रबाळेकर:
ताई, बरोबर बोललात. पण मार्जिनवर द्यायचं तर खरेदीभाव पोरांना कळणार. दोघं आधीच स्वतःचा धंदा काढायच्या बेतात आहेत.

कोपरीची सई:
भाव सांगू नका. यादीच्या दराला विकलं तर २%, ५% सूट दिली तर दीड, त्याखाली तुमच्या सहीशिवाय बिलच नाही. अगदी मार्जिनइतकं नेमकं नाही, पण चालतं.

माजी एरिया मॅनेजर:
चालतं, पण मग वरचं सूत्र पुरणार नाही, प्रत्येक बिलाला दर लावावा लागेल. आणि एक विचारायचं राहिलं. घोडबंदरच्या नव्या टॉवरवाल्याला आणि जुन्या वस्तीत फिरणाऱ्याला टार्गेट सारखंच ५ लाख का?

रबाळेकर:
साहेब, तिथेच भांडणं चालू आहेत. सात लाखवाला म्हणतो, माझं टार्गेट वाढवलंत तर मी चाललो.

वाशी_सेक्टर१७:
म्हणून म्हटलं होतं, कॅप लावा.