अनुभव धागा: पुरवठादाराशी हप्ते कसे ठरवलेत?

पाऊस लागला की किनाऱ्यावरचा धंदा बसतो, पण हंगामातली बिलं द्यायची राहिलेली असतात. अशा वेळी तुम्ही काय केलंत ते लिहा. आधी माझं सांगते.

मांद्र्याला माझी खानावळ आहे. मे अखेरीस म्हापशाच्या किराणा व्यापाऱ्याचं देणं थकलं होतं. त्यांचा तगाद्याचा फोन यायच्या आधीच मी दुपारी दुकानात गेले. त्यांच्या वहीत 1,86,400 निघत होते, माझ्या हिशेबात 1,80,000. परत पाठवलेले तेलाचे डबे वजा व्हायचे राहिले होते. आकडा एक झाल्यावरच हप्त्यांचा विषय काढला. 40,000 तिथेच दिले, जून ते सप्टेंबर दर 10 तारखेला 20,000, आणि गिऱ्हाईक परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात 30,000-30,000. नवा माल रोखीने. सगळं त्यांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, त्यांनी "चालेल" कळवलं.

तरी घोटाळा झालाच. जूनमध्ये नव्या मालाचे 12,000 दिले, ते त्यांच्या मुलाने जुन्या बाकीत जमा केले. नवा माल उधार दिसला आणि जुलैत टेम्पो आलाच नाही. तेव्हापासून पैसे पाठवताना "जुनी बाकी, हप्ता 2" किंवा "आजचं बिल" असं लिहितेच.

डिचोलीकर: 45 दिवसांच्या वर उधारी ठेवताच येत नाही, कायदा आहे. तुमच्या हप्त्यांना अर्थ नाही.

फोंड्याचा हिशेबनीस: तो नियम सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला तो संरक्षण देत नाही. मसाले स्वतः दळून विकणारा छोटा कारखानदार असेल तर मात्र जपा. त्याने हप्ते कबूल केले तरी 45 दिवसांनंतर व्याज लागू होतं, आणि त्या वर्षी न दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, पैसे दिले त्या वर्षी मिळते.

ॲल्युमिनियमवाला, वेर्णा: माझ्या धंद्यात जीएसटीचं क्रेडिट घेतो. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते उलटवावं लागतं. म्हणून हप्ते लावताना सगळ्यात जुनं बिल आधी फेडतो.

मासळीवाली बाय: मला उलट हॉटेलवाल्यांकडून येणं आहे. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, तेव्हाच ते "पुढच्या महिन्यात" म्हणतात. तारीख सांगून 5,000 दिले तरी मी थांबते. नुसतं "बघूया" म्हटलं की पुढची टोपली देत नाही.

पेडणेकर: पुढच्या तारखांचे चेक द्यावेत का? मी सहा दिले, चौथा परत आला आणि वकिलाची नोटीस आली.

मांद्र्याची खानावळवाली: माझ्याकडेही मागितले होते. पहिले दोनच दिले, पुढचे हप्ता फिटला की देईन म्हटलं. ते मानले, पण सगळे मानतीलच असं नाही. कुणी चेक न देता निभावलंय का?